मूळव्याधीतून पू येत नाही

प्रश्न : डॉक्टर, मी धारूर तालुक्यातल्या एका वस्तीवरून लिहितोय. माझे थोरले भाऊ आणि वहिनी दरसाल ऊसतोडीला जातात. यंदा कोल्हापूरकडच्या एका कारखान्यावर होते. जानेवारीत दादाला संडासच्या जागेजवळ, डाव्या अंगाला ठणका सुरू झाला. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप आला. मोळी डोक्यावर घेता येईना, ट्रॉलीत बसता येईना. तिथल्या एका दवाखान्यात नुसतं ऐकूनच मूळव्याध आहे म्हणाले आणि मलम, गोळ्या, दोन इंजेक्शनं दिली. ताप उतरला, गाठ तशीच राहिली. सातव्या दिवशी रात्री ती आपोआप फुटली, बराच पू आणि रक्त गेलं आणि दुसऱ्या दिवशी दादा कोयता घेऊन फडात. मार्चमध्ये पुन्हा तोच प्रकार झाला. आता गावी आल्यापासून दहा-पंधरा दिवसांनी त्याच जागी फोड येतो, फुटतो, कपड्याला डाग पडतो. वस्तीवरचे लोक म्हणतात, मूळव्याध पिकलीय. कुणी धागा बांधायला सांगतं, कुणी म्हणतं ऑपरेशन केलं तर संडासवरचा ताबा जातो. मूळव्याध खरंच पिकते का? जुलै चालू आहे, दसऱ्यानंतर टोळी निघेल. तोवर काय करावं?

उत्तर : तुमच्या पत्रातच निदान जवळजवळ लिहिलेलं आहे, आणि ते मूळव्याधीचं नाही. मूळव्याध म्हणजे गुदद्वाराच्या आतल्या रक्तवाहिन्यांच्या गाद्या फुगून खाली सरकणं. तिच्यातून रक्त येतं. ते लालभडक असतं, संडासच्या वेळी थेंबथेंब किंवा धार लागून पडतं आणि बहुतेकदा दुखत नाही. मोड बाहेर येत असतील तर थोडं चिकट पाणीही पाझरतं. पण पू येत नाही. बाहेर अडकलेले मोड काळे पडून सडू शकतात, मात्र ते पाहताक्षणी कळतं आणि तो रोगी चालत दवाखान्यात येत नाही. तेव्हा शेजारच्या कातडीवर गाठ, ठणका, ताप आणि मग पू असा क्रम कुणी सांगितला, की मूळव्याध हा शब्द बाजूला ठेवायचा. दादाला जानेवारीत झालं ते गुदद्वाराजवळचं गळू. आता जे चालू आहे ते भगंदर.

हे दोन वेगळे रोग आहेत हे आपल्याकडे फार जुन्या काळापासून माहीत आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अर्श म्हणजे मूळव्याध दुसऱ्या अध्यायात आहे, भगंदर चौथ्यात. फुटायच्या आधीची गाठ ती पिडका आणि फुटून वाहू लागली की भगंदर, हेही तिथं स्पष्ट आहे. आजच्या शल्यचिकित्सेतही तेच शिकवतात : गळू आणि भगंदर ही एकाच आजाराची पहिली आणि दुसरी अवस्था.

गळू होतं कसं ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. गुदद्वाराची नळी साधारण चार सेंटीमीटर लांब असते. तिच्या मध्यावर, आतल्या बाजूला, गोलाकार ओळीत सहा ते दहा बारीक ग्रंथी असतात. त्यांची तोंडं नळीत उघडतात आणि मुळं तिच्या भोवतालच्या दोन स्नायूंच्या मधे असतात. हेच स्नायू संडास धरून ठेवतात. एखाद्या ग्रंथीचं तोंड बुजलं की आतला स्राव कोंडतो, त्यात मळातले जंतू वाढतात आणि दोन स्नायूंच्या मधे पू साठतो. पुवाला जागा हवी असते. तो खाली उतरून कातडीजवळ आला तर बाहेर गाठ दिसते. स्नायू भेदून बाजूला, कुल्ल्याच्या आतल्या चरबीत गेला तर तिथं मोठं गळू होतं. खाण्यात तिखट जास्त झालं किंवा उन्हात बसलं म्हणून हे होत नाही. धडधाकट, कष्टाळू माणसालाही होतं, बायकांपेक्षा पुरुषांना जास्त होतं आणि बहुतेक रोगी तिशी-चाळिशीतले असतात.

आता दादाचे जानेवारीतले सात दिवस पुन्हा पाहू. पहिल्या दिवशी ठणका. या ठणक्याची चाल ओळखायला शिका. फिशरचं दुखणं संडास करताना काच कापावी तसं होतं आणि तासा-दोन तासांत उतरतं. बाहेरच्या मोडात रक्त गोठलं तर निळसर, टणक गाठ अचानक येते, दोन दिवस फार दुखते आणि मग दिवसागणिक कमी होत जाते. तिच्यात ताप नसतो. गळवाचा ठणका संडासशी बांधलेला नसतो. तो रात्रंदिवस चालतो, बसलं, खोकललं, पाय टाकला की वाढतो, आणि आजचा कालच्यापेक्षा जास्त असतो. झोप मोडते. तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला, तिथंच गोष्ट उघड झाली होती. त्या वेळी कुणी दिवा लावून ती जागा पाहिली असती तर लाल, गरम, तुकतुकीत, हात लावू न देणारी सूज दिसली असती.

न पाहता औषध दिलं गेलं याचं मला वाईट वाटतं, पण खोलवर पाहिलं तर दोष एकट्या दवाखान्याचा नाही. ही जागा दाखवायची लाज रोग्यालाही असते. मूळव्याध म्हटलं की दोघांचीही सुटका होते, तपासणी टळते, मलम मिळतं. बायकांच्या बाबतीत हे आणखी कठीण. फडावरच्या कोपीत ना आडोसा, ना बोलायला कुणी. वहिनींसारखी बाई हेच दुखणं दोन-दोन हंगाम अंगावर काढते आणि अंगावरून जातंय एवढंच सांगते. बाई डॉक्टर मागण्याचा तिला अधिकार आहे, आणि घरच्यांनी तो तिच्या वतीने मागावा.

इंजेक्शनांनी ताप उतरला, म्हणून औषध बरोबर होतं असं तुम्हाला वाटलं असेल. तसं नाही. पुवाच्या पिशवीत रक्त जात नाही, म्हणून रक्तातून जाणारं औषधही तिथं पुरेसं पोहोचत नाही. प्रतिजैविकांनी आजूबाजूची सूज आणि ताप थोडा दबतो, पू मात्र आतच राहतो आणि आत वाट काढत राहतो. गळवावर उपचार एकच : चीर देऊन पू काढणं, आणि तेही त्याच दिवशी. मधुमेह असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल, हृदयाची झडप बदललेली असेल किंवा लाली दूरवर पसरली असेल तर सोबत प्रतिजैविकं लागतात, पण चीर टाळण्यासाठी ती नसतात.

‘अजून पिकलं नाही, पिकू द्या’ हा सल्ला हाताच्या फोडाला कदाचित चालेल, इथं चालत नाही. कुल्ल्यातली चरबी जाड असते. वरून बोटाला मऊ लागेपर्यंत थांबलं तर तोवर आत मोठी पोकळी झालेली असते, कधी पू मागून फिरून दुसऱ्या बाजूलाही गेलेला असतो. कणकेचं पोटीस, भाजलेला कांदा, हळदीचा लेप यांत गेलेले चार दिवस असे महागात पडतात. आणि एक प्रकार असा आहे की बाहेर काहीच दिसत नाही. ठणका आहे, ताप आहे, बसवत नाही, कधी लघवी अडते, पण कातडी साधी. अशा वेळी गळू आत खोल असतं. बोट लावलं तरी रोगी किंचाळतो. त्याला जबरदस्तीने तपासायचं नसतं, भूल देऊन तपासायचं आणि त्याच वेळी पू काढायचा.

चीर कुठं द्यायची यालाही अर्थ आहे. जाणता सर्जन ती गुदद्वाराच्या जितकी जवळ देता येईल तितकी जवळ देतो, म्हणजे पुढे भगंदर झालंच तर त्याची वाट आखूड राहते. कातडीचा छोटा तुकडा काढतात, म्हणजे तोंड लगेच मिटत नाही. आत कापडाचा बोळा घट्ट कोंबायची गरज नसते. मग कोमट पाण्यात दिवसातून दोन-तीन वेळा दहा-पंधरा मिनिटं बसायचं. स्वच्छ घमेलं किंवा टब पुरतो. पाण्यात फिनेल, डेटॉल, तंबाखूचं पाणी असलं काही घालायचं नाही. जखम आतून भरत वर येते, त्याला काही आठवडे लागतात.

एका बाबतीत मात्र तासांचा हिशोब असतो. मधुमेह असलेल्या माणसाची कातडी काळसर पडू लागली, दुर्गंधी सुटली, सूज अंडाकडे किंवा पोटाकडे पसरू लागली, माणूस गुंगीत बोलू लागला, तर ते साधं गळू राहिलेलं नाही, मांस सडत चाललंय. तेव्हा गावात काही करू नका. १०८ ला फोन करा आणि सरळ मोठं रुग्णालय गाठा. ऊसतोडीला गेलेल्या माणसाला आपली साखर वाढलेली आहे हेच बहुधा माहीत नसतं. म्हणून असं गळू झालेल्या प्रत्येकाची रक्तातली साखर तपासायलाच हवी, वय तिशीचं असलं तरी.

आता सातव्या रात्रीचं. गाठ फुटली, ठणका थांबला, आणि दादा फडात गेला. एक खाडा म्हणजे उचलीतून कापले जाणारे पैसे, म्हणून तो गेला; त्याचा दोष नाही. पण रोग तिथं संपला नव्हता. गळू झालेल्यांपैकी तिसरा हिस्सा ते निम्म्या लोकांना पुढे भगंदर होतं, कारण बाहेरचं तोंड उघडलं तरी आतल्या ग्रंथीचं तोंड तसंच राहतं. या दोन तोंडांमधे एक नळी तयार होते. आतून जंतू येत राहतात, बाहेरचं तोंड मिटलं की पू कोंडतो, दुखतं, फोड येतो, फुटतो, बरं वाटतं. तुम्ही लिहिलेला दहा-पंधरा दिवसांचा फेरा हाच. डाग कधी पिवळा, कधी रक्तमिश्रित असतो, खाज सुटते, जागा ओलसर राहते, क्वचित त्या छिद्रातून वाराही सरतो. बोटाने दाबलं तर कातडीखाली छिद्रापासून गुदद्वाराकडे जाणारी सुतळीसारखी दोरी लागते. गोळ्यांनी ही नळी बंद होत नाही. डाग महिनाभर थांबला तरी बरं झालं असं मानू नका.

पण भगंदर आणि गळू यांत एक मोठा फरक आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. गळू थांबू शकत नाही, भगंदर थोडं थांबू शकतं. म्हणजे आज दादाला पुन्हा ठणका आणि ताप आला तर त्याच दिवशी पू काढून घ्यायचा, मग हंगाम असो वा नसो. हे फडावर झालं तर मुकादमाला सांगून जवळचं सरकारी रुग्णालय गाठायचं. भगंदराचं मोठं काम मात्र सवडीने, नीट तपासून, एकदाच आणि चांगलं करायचं असतं. दसरा अजून अडीच-तीन महिने दूर आहे. हाच तुमचा काळ आहे.

तपासणीला गेल्यावर डॉक्टरांना मूळव्याध आहे असं सांगू नका. पू आला, ताप आला, किती वेळा, कोणत्या बाजूला, एवढंच सांगा. ते बाहेरचं छिद्र पाहतील, बोटाने आतली बाजू तपासतील, छोट्या नळीतून आत बघतील. पहिल्यांदाच झालेल्या, वरवरच्या भगंदराला एवढं बहुधा पुरतं. पूर्वी ऑपरेशन होऊन परत आलं असेल, छिद्रं एकाहून जास्त असतील किंवा नळी खोल वाटत असेल तर एमआरआय लागतो. आपल्याकडे आणखी एक गोष्ट विसरायची नसते ती म्हणजे क्षयरोग. खोकला, वजन घटणं, संध्याकाळचा ताप, पातळ पाण्यासारखा पू, न भरणारी जखम असं काही असेल तर नक्कीच, आणि नसेल तरी ऑपरेशनच्या वेळी नळीचा तुकडा तपासायला पाठवायला सांगा. क्षय निघाला तर त्याची औषधं सरकारकडून मोफत मिळतात, आणि ती घेतल्याशिवाय भगंदर बरं होत नाही. वारंवार पातळ संडास, पोटदुखी सोबत असेल तर आतड्याच्या दाहाचाही विचार करावा लागतो. माकडहाडाजवळ, कुल्ल्यांच्या फटीत वरच्या बाजूला छिद्र असेल, त्यातून केस निघत असतील, तर तो वेगळाच आजार. ट्रॅक्टरच्या ड्रायव्हर लोकांत मी तो पाहतो आणि त्यालाही लोक भगंदरच म्हणतात.

ताबा जाण्याची भीती खोटी नाही, पण ती कुणाला लागू आहे ते कळायला हवं. नळी स्नायूच्या किती भागातून जाते यावर सगळं ठरतं. ती खालून, थोड्याच स्नायूतून जात असेल तर सर्जन ती पूर्ण उघडी करतात आणि जखम तळापासून भरू देतात. यात ताब्याला धोका कमी, आणि रोग परत येण्याची शक्यताही कमी. नळी वरून, बऱ्याच स्नायूतून जात असेल तर ती एकदम उघडायची नसते. तिथं नळीत सैल दोरा ठेवणं, स्नायूंच्या मधल्या जागेत नळी बांधून टाकणं किंवा क्षारसूत्र असे स्नायू वाचवणारे मार्ग आहेत. पुढून नळी असलेल्या बाईला, विशेषतः बाळंतपणात फाटलं असेल तर, जास्तच जपावं लागतं. म्हणून ऑपरेशनआधी एकच प्रश्न विचारा : माझ्या नळीत स्नायू किती गुंतलाय?

धाग्याबद्दल तुम्ही विचारलंत. क्षारसूत्र ही खरी, तपासून पाहिलेली पद्धत आहे. निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे एकवीस लेप देऊन तो दोरा तयार करतात. १९९१ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक केंद्रांवर मिळून पाचशेवर रोग्यांत त्याची ऑपरेशनशी तुलना करून निष्कर्ष छापले. ऑपरेशनची जखम साधारण चार आठवड्यांत भरली, क्षारसूत्राला आठ आठवडे लागले. पण वर्षभरात रोग परत आला तो ऑपरेशनवाल्यांत शंभरात अकरांना, क्षारसूत्रवाल्यांत चारांना. म्हणजे वेळ जास्त, परतणं कमी. दोरा दर आठवड्याला बदलावा लागतो आणि आठवड्याला अर्धा ते एक सेंटीमीटर नळी कापत जातो. दादाची नळी चार सेंटीमीटरची धरली तर चार ते आठ आठवडे झाले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुरू केलं तर सप्टेंबरअखेर ते संपेल. दसऱ्याच्या तोंडावर सुरू केलं तर फडावर दर आठवड्याला दोरा कोण बदलणार? अर्धवट सोडलेला दोरा काहीच न केल्यापेक्षा वाईट.

मात्र हा दोरा शल्यतंत्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या आयुर्वेद सर्जनकडूनच घ्या. ‘बिना ऑपरेशन मूळव्याध-भगंदर एका दिवसात’ असे फलक बाजारपेठेच्या गावांत दिसतात. तिथं नुसत्या सळईने चाचपून दोरा ओवला जातो. सळई खऱ्या नळीऐवजी नव्या जागेतून आत घुसवली तर एकाच्या दोन वाटा होतात. कधी मोड समजून गळवातच जळजळीत औषध टोचतात. अशा रोग्यांच्या गुदद्वाराला पुढे आकसलेले व्रण राहिलेले मी पाहिलेत. पदवी विचारायला संकोच करू नका. फलक लावणारा संकोच करत नाही.

कुठं जायचं, तर आधी जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. गुंतागुंतीचं निघालं तर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचा शल्यविभाग आहे. जाताना आधार कार्ड, रेशन कार्ड आणि मागच्या दोन्ही वेळच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या न्या. चिठ्ठ्या नसतील तर गोळ्यांची रिकामी पाकिटं चालतील.

ऑपरेशननंतर निदान पाच-सहा आठवडे मोळी उचलणं नाही, ट्रॉलीत बसून लांबचा प्रवास नाही. त्या हिशोबाने उलटं मोजलं तर दादाची पहिली तपासणी याच महिन्यात व्हायला हवी. या आठवड्यात घेऊन जा, आणि वहिनींनाही एकदा विचारा, त्यांना असं काही होतंय का.